विषय: पाणलोट समन्वयक (आष्टी तालुका) पदासाठी ओळखीचा व्हिडिओ

नमस्कार मॅडम,

सोमवारचा आपला मेल मिळाला. पहिल्या फेरीसाठी निवड झाल्याचं वाचून बरं वाटलं. आपण मागितलेला ओळखीचा व्हिडिओ गुगल ड्राइव्हवर ठेवला आहे. लिंक आपल्या फॉर्ममध्ये भरली असून ती फक्त आपल्या मेल पत्त्यावरून उघडेल. व्हिडिओ साधारण दोन मिनिटांचा आणि मोबाइलवरच काढलेला आहे, त्यात संगीत किंवा कापाकापी काही नाही.

घरात भिंतीसमोर बसून बोलण्याऐवजी तो विहिरीवर काढला, कारण मी एरवी बोलते ती तिथेच. त्यामुळे मध्ये वारा येतो आणि एकदोन वाक्यं नीट ऐकू येत नाहीत. म्हणून बोललेलं सगळं खाली लिहूनही देत आहे:

«नमस्कार. मी वैशाली. गाव माण तालुक्यातलं, जिल्हा सातारा. माझ्या मागं विहिरीच्या कडेनं पांढऱ्या रंगात आकडे दिसतायत, ते मीटर आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला इथं पाण्याची पातळी बघतात आणि शाळेच्या भिंतीवर लिहितात. बघतात ती गावातली पोरं, मी नाही. माझं काम त्यांना ते शिकवून बाजूला होणं.

मी बी.एस्सी. कृषी केलं आणि २०१९ पासून पाणलोटाच्या कामात आहे. सुरुवात सलग समतल चरांच्या आखणीपासून झाली. लाकडाची ए-फ्रेम घ्यायची, ओळंबा मध्यावर आला की फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. आखणी कुणालाही शिकवता येते. माथ्यापासून पायथ्याकडं काम करायचं, हे पटवायला मात्र वेळ लागतो. बंधारा रस्त्यावरून दिसतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. डोंगरावरचा चर कुणाला दिसत नाही. पण वर चर नसले की खालचा बंधारा गाळानं भरतो, आणि मग लोक म्हणतात, योजना फसली.

मला सगळ्यात आवडतं ते पाण्याचा ताळेबंद मांडणं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. समजा शिवार एक हजार हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिलिमीटर, तर ५०० कोटी लिटर पडतं. हा आकडा फळ्यावर लिहिला की मागनं कुणीतरी विचारतंच, "मग ताई, टँकर कशाला येतोय?" बैठक खरी तिथनं सुरू होते. उन्हानं उडालं किती, ओढ्यानं गेलं किती, जमिनीत मुरलं किती, आणि जे उरलं त्यात ज्वारी किती आणि ऊस किती. ऊस लावणारा समोरच बसलेला असतो. त्याचं नाव न घेता उसाचा विषय काढायचा आणि तो उठून जायच्या आत बोलणं ठिबकपर्यंत आणायचं. हे मला बऱ्यापैकी जमतं.

आष्टीत यायचं कारण सांगते. आमच्या माणला वॉटर कप स्पर्धेनं हलवलं, २०१८ मध्ये टाकेवाडीचा राज्यात पहिला नंबर आला. त्यामुळं इथं श्रमदान म्हणजे काय ते पोरांनाही सांगावं लागत नाही. आष्टीत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या जातात आणि गावात म्हातारी माणसं नि लहान मुलं उरतात. मग ग्रामसभा कधी घ्यायची? विहीर कोण मोजणार? चर कोण खोदणार? याची उत्तरं माझ्याकडं नाहीत. ती तिथं राहून शोधायची आहेत. धन्यवाद.»

व्हिडिओत माझ्याशिवाय कुणी दिसणार नाही. विहिरीवर बायका कपडे धूत होत्या, म्हणून मी पलीकडच्या बाजूला उभी राहिले. माझ्या नोकरीसाठी त्यांचे चेहरे कुठे पाठवावेत असं वाटलं नाही.

आपल्या सूचनेत आणखी दोन गोष्टी होत्या.

एक म्हणजे वैवाहिक स्थिती आणि घरच्यांची माहिती. त्याबद्दल मी व्हिडिओत बोललेले नाही. पहिल्या फेरीत त्याची गरज आहे असं मला वाटत नाही, आणि हे रागाने लिहीत नाही. बाई फिरतीवर टिकेल का, रात्रीच्या ग्रामसभेला थांबेल का, ही शंका त्यामागे असेल तर तिचं उत्तर सरळ देते. निवड झाली तर आष्टीतच खोली घेऊन राहीन. माझी स्वतःची दुचाकी आहे, लायसन्स आहे. आत्ताही शेतकरी रानातून आल्यावर, म्हणजे रात्री आठनंतरच, आमच्या बैठका होतात. उशीर झाला की गावातच मुक्काम करते. पुरुष उमेदवारांनाही हेच विचारणार असाल तर माझी तक्रार नाही.

दुसरी गोष्ट इंग्रजीतल्या ओळखीची. कॅमेऱ्यासमोर पाठ केलेली चार इंग्रजी वाक्यं म्हणण्यापेक्षा गेल्या वर्षीचा इंग्रजी प्रगती अहवाल सोबत जोडला आहे. गावांची आणि शेतकऱ्यांची नावं काढून टाकली आहेत आणि तो बाहेर देण्याची परवानगी सध्याच्या कार्यालयातून घेतली आहे. निधी देणाऱ्या संस्थांसाठी तिमाही अहवाल लिहावा लागेल असं जाहिरातीत होतं, त्या दृष्टीने हा नमुना जास्त उपयोगी पडेल. मुलाखतीत कुणी इंग्रजीत प्रश्न विचारले तर इंग्रजीत उत्तरं देईन. अडखळेन, पण मुद्दा पोहोचवेन.

आता माझी एक विनंती. हा व्हिडिओ निवड समितीपुरताच राहावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा संस्थेच्या फेसबुक पानावर तो जाऊ नये, आणि निवड झाली नाही तर काढून टाकावा. मी सध्या जिथे काम करते तिथल्या वरिष्ठांना मी अर्ज केल्याचं सांगितलं आहे, त्यामुळे लपवाछपवी काही नाही. पण गावात बातमी आधी पोहोचली तर पावसाळ्याच्या तोंडावर चालू असलेल्या कामाला धक्का बसतो. "ताई चालल्या" म्हटलं की दुसऱ्या दिवशी आखणीला माणसं येत नाहीत. समितीत कोण कोण आहे आणि व्हिडिओ किती दिवस ठेवला जातो, हे दोन ओळींत कळवलंत तर बरं होईल.

मुलाखतीसाठी येता मंगळवार, सकाळी ११ ही वेळ मला सोयीची आहे. शिवारात रेंज धरत नाही, म्हणून त्या दिवशी दहिवडीला मैत्रिणीच्या घरून झूमवर येईन. तिथे ब्रॉडबँड आहे. वीज गेलीच तर मोबाइलच्या डेटावर पुन्हा जोडून घेईन, पाचदहा मिनिटं वाट पाहावी. वेळ बदलायची असेल तर दुपारी चारनंतर चालेल. फक्त बुधवार नको, त्या दिवशी माती नाला बांधाच्या मोजमापासाठी कृषी सहायक येणार आहेत.

आणि एक विचारायचं राहिलं. प्रकल्पातल्या गावांची यादी आणि त्यातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मुलाखतीआधी पाहायला मिळतील का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मे आणि ऑक्टोबरच्या नोंदी असल्या तरी पुरे. त्या वाचून आले तर मंगळवारी तुमच्या गावांबद्दल बोलता येईल, नाहीतर मी पुन्हा माणबद्दलच बोलत बसेन.

व्हिडिओ उघडायला अडचण आली तर अर्जातल्या नंबरवर फोन करावा. दुपारी एक ते दोन आणि संध्याकाळी सहानंतर मी नक्की रेंजमध्ये असते.

आपली,
वैशाली
ता. माण, जि. सातारा

सोबत: इंग्रजी प्रगती अहवाल (पीडीएफ)