सईच्या वर्कशीटमधला चौथा प्रश्न

सई,

फोटो मिळाला. ट्यूबलाइट नेमकी कागदाच्या मधोमध चमकतेय, त्यामुळे ‘क’मध्ये ३४ ग्रॅम अमोनियाबरोबर ऑक्सिजन ६४ ग्रॅम दिलाय की ८४, ते कळेना. किती NO मिळेल याचं उत्तर तळाशी बारीक अक्षरात ४८ ग्रॅम छापलंय, त्यावरून ६४च असणार. ८४ असता तर उत्तर ६० आलं असतं. का, ते पुढे येईलच.

आधी समीकरण, अमोनिया आणि ऑक्सिजनपासून नायट्रिक ऑक्साइड आणि पाणी होण्याचं. तू इथवर आली आहेस:

2NH₃ + 2O₂ → 2NO + 3H₂O

नायट्रोजन दोन-दोन, हायड्रोजन सहा-सहा, छान. ऑक्सिजन डावीकडे चार आणि उजवीकडे पाच (NO चे दोन, पाण्याचे तीन). मग वैतागून तू 2O₂ खोडलंस आणि O₅ लिहिलंस. फोटोत खाडाखोड दिसतेय बरं का. खालच्या बारीक आकड्याला हात लावायचा नाही. तो बदलला की पदार्थच बदलतो. H₂O चं H₂O₂ केलंस तर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. आपल्याला बदलता येतो तो फक्त पुढचा आकडा, सहगुणक.

तुझी पायरी खरं तर फुकट गेलेली नाही. डावीकडे पाच ऑक्सिजन अणू हवेत आणि एका O₂ मध्ये दोन असतात, म्हणजे O₂ च्या पुढे अडीच लिही. बिनधास्त लिही, कच्चं काम आहे. मग सगळं समीकरण दुपटीनं गुण:

4NH₃ + 5O₂ → 4NO + 6H₂O

नायट्रोजन ४ आणि ४, हायड्रोजन १२ आणि १२, ऑक्सिजन १० आणि ४ + ६. जुळलं. एक सवय लावून घे: जे मूलद्रव्य एकटंच उभं असतं (इथे O₂), त्याला शेवटी हात घालायचा. त्याचा सहगुणक बदलला तरी दुसऱ्या कुणाचा हिशोब बिघडत नाही.

आता मोल. तुझं खरं अडलंय ते इथे. ‘क’मध्ये तू लिहिलंयस, “ऑक्सिजन ६४ ग्रॅम, अमोनिया ३४ ग्रॅम, म्हणून अमोनिया आधी संपेल.” समीकरणातले ४ आणि ५ हे ग्रॅम नाहीत, रेणूंची संख्या आहे. अमोनियाच्या चार रेणूंना ऑक्सिजनचे पाच लागतात, एवढंच समीकरण सांगतं. वजनाबद्दल ते चकार शब्द बोलत नाही. आणि प्रयोगशाळेत आपल्याकडे असतो फक्त तराजू. एकाच प्रकारच्या नाण्यांचं पोतं असेल तर एकेक नाणं मोजत बसत नाहीत, पोतं वजन करून एका नाण्याच्या वजनानं भागतात. मोल म्हणजे हाच भागाकार. फरक इतकाच, की इथे एकेका रेणूनं न भागता ६.०२२ × १०²³ रेणूंच्या गठ्ठ्यानं भागायचं. त्या गठ्ठ्याचं वजन म्हणजे मोलर वस्तुमान.

गंमत सांगू? हीच अभिक्रिया वापरून नायट्रिक आम्ल बनवायची पद्धत विल्हेल्म ऑस्टवाल्डच्या नावानं ओळखली जाते, आणि मोल हे एकक रूढ करण्यातही त्याचाच हात. पण अणू खरोखर असतात हे त्यानं कित्येक वर्षं मानलंच नव्हतं! १९०९ साली त्याला नोबेल मिळालं, साधारण त्याच सुमारास तो अणूंच्या बाजूला आला. तेव्हा तुला मोल पटायला एक संध्याकाळ जास्त लागली तरी चालेल.

‘ब’. भरपूर ऑक्सिजन असताना ३४ ग्रॅम अमोनियापासून किती NO मिळेल? NH₃ चं मोलर वस्तुमान १४ + ३ = १७. म्हणजे ३४ ÷ १७ = २ मोल. समीकरणात ४ ला ४, म्हणून NO पण २ मोल. NO चं मोलर वस्तुमान १४ + १६ = ३०, उत्तर ६० ग्रॅम. ३४ चे ६० झाले म्हणून दचकू नकोस, बाकीचं वजन ऑक्सिजननं आणलंय.

‘क’. आता ऑक्सिजन फक्त ६४ ग्रॅम. ६४ ÷ ३२ = २ मोल. अमोनियाही २ मोल. इथे वर्गातली निम्मी मुलं म्हणतात, “दोन्ही सारखे, दोन्ही संपणार.” समीकरणाला विचार: २ मोल अमोनियाला २ × ५/४ = २.५ मोल ऑक्सिजन हवा. आपल्याकडे दोनच. म्हणजे लिमिटिंग रिएजंट ऑक्सिजन, तोसुद्धा वजनानं जवळजवळ दुप्पट असून. आणि ८४ ग्रॅम असता तर २.६२५ मोल झाला असता, अडीचपेक्षा जास्त. मग अमोनिया आधी संपला असता आणि ‘ब’सारखंच ६० ग्रॅम उत्तर आलं असतं. एका अस्पष्ट आकड्यानं सगळं उलटलं असतं, म्हणून पुढच्या वेळी फोटो खिडकीपाशी काढ.

एकदा लिमिटिंग रिएजंट कळला की अमोनियाचे २ मोल विसरायचे. पुढचं सगळं ऑक्सिजनच्या २ मोलांवरून:

NO = २ × ४/५ = १.६ मोल = १.६ × ३० = ४८ ग्रॅम
पाणी = २ × ६/५ = २.४ मोल = २.४ × १८ = ४३.२ ग्रॅम
वापरलेला अमोनिया = २ × ४/५ = १.६ मोल, उरला ०.४ मोल = ६.८ ग्रॅम

पडताळणी कर. सुरुवातीला ३४ + ६४ = ९८. शेवटी ४८ + ४३.२ + ६.८ = ९८. ही बेरीज प्रश्नात कुणी मागितलेली नाही, पण मी तुझ्या जागी असते तर प्रत्येक वेळी केली असती. पेपरात उत्तर छापलेलं नसतं, ही बेरीज मात्र हाताशी असते.

‘ड’मध्ये NO चं एसटीपीला आकारमान विचारलंय. वर्कशीटच्या डोक्यावर २२.४ लिटर दिलंय, तेच घे: १.६ × २२.४ = ३५.८४ लिटर. तुझ्या दुसऱ्या पुस्तकात २२.७ दिसेल, तेही चूक नाही. जुना दाब १ ॲटमॉस्फिअर, नवा १ बार, एवढाच फरक. प्रश्नात जो दिला असेल तो वापर. आणि पाण्याला हा नियम लावू नकोस. शून्य अंश सेल्सिअसला ते वायू नसतं.

चेंबूरला आरसीएफमध्ये नायट्रिक आम्ल तयार होतं, त्याची पहिली पायरी हीच अभिक्रिया. अशा कारखान्यांत प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवर, साधारण ८५० ते ९०० अंशांना ती घडवतात. आणि तिथे हवा मुद्दाम जास्त देतात. हवा बाहेर फुकट असते, अमोनियाला पैसे पडतात, तेव्हा काय आधी संपलेलं परवडेल ते तूच ठरव.

‘इ’ मी सोडवत नाही. त्यातलं समीकरण 2NO + O₂ → 2NO₂ संतुलितच दिलंय. ‘क’मधल्या १.६ मोल NO ला किती ग्रॅम ऑक्सिजन लागेल, एवढंच काढायचंय. २५.६ आलं तर नुसता अंगठा पाठव. दुसरं काही आलं तर पायऱ्यांचा फोटो पाठव, मी साडेदहापर्यंत जागी आहे.

मावशी