ओळखपत्राची प्रत आणि कॅमेऱ्याचे चित्रीकरण : पाहुण्यांसाठी सूचना

आमच्या 12 खोल्यांच्या लॉजमध्ये उतरताना आम्ही आपले ओळखपत्र मागतो, आणि आवारात काही ठिकाणी आपण कॅमेऱ्यात दिसता. या दोन्हींचे पुढे काय होते, ते रजिस्टरवर सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

ओळखपत्र

खोली घेणारी व्यक्ती कोण आहे याची खात्री करणे आणि पाहुण्यांची कायदेशीर नोंद ठेवणे, एवढ्यासाठीच आम्ही ओळखपत्राची एक झेरॉक्स काढतो. फोटो, नाव आणि पत्ता असलेल्या बाजू पुरतात. परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टचे फोटोचे पान आणि व्हिसाचे पान लागते. झेरॉक्सवर ‘फक्त लॉजच्या नोंदीसाठी’ असे लिहून तारीख टाकली जाते. हवे तर हे आपण स्वतःच्या हाताने लिहा. मूळ ओळखपत्र लगेच परत मिळते. बिल भरेपर्यंत ते काउंटरवर ठेवून घेण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

कोणताही कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर ओळखपत्राचा फोटो काढणार नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायलाही सांगणार नाही. कोणी तसे सांगितलेच तर नकार द्या आणि मालकांना कळवा.

झेरॉक्स कुलूपबंद कपाटात राहतात. किल्ली मालक आणि व्यवस्थापक यांच्याकडेच असते. आपण खोली सोडल्यावर 90 दिवसांनी प्रत यंत्रात बारीक कापून नष्ट केली जाते. कायद्याने जास्त मुदत घातली असेल तर तेवढीच मुदत पाळली जाते. पाठकोऱ्या कागदांत ती कधीही टाकली जात नाही. रजिस्टरमधील नोंद मात्र राहते.

कॅमेरे

एकूण 5 कॅमेरे आहेत : प्रवेशद्वार, काउंटर, जिना, पहिल्या मजल्याचा पॅसेज आणि पार्किंग. खोल्यांत, न्हाणीघरांत, शौचालयांत एकही नाही. पॅसेजमधला कॅमेरा दारांसमोर सरळ न लावता तिरका लावला आहे, त्यामुळे दार उघडे असले तरी खोलीचा आतला भाग दिसत नाही. शंका असल्यास काउंटरवरच्या स्क्रीनवर ते स्वतः पाहून घ्या. आवाज रेकॉर्ड होत नाही.

चित्रीकरण 15 दिवस राहते, नंतर त्यावर नवे चढते. चोरी, अपघात किंवा भांडण झाल्यास तेवढा भाग वेगळा काढून प्रकरण मिटेपर्यंत ठेवतो. म्हणून सामान हरवले असेल तर घरी पोहोचून आठवडे घालवू नका. 15 दिवसांनंतर आमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

कोणाला मिळते

पोलिसांनी किंवा न्यायालयाने लेखी मागितल्यास संबंधित प्रत किंवा चित्रीकरण दिले जाते आणि त्याची नोंद होते. ‘अमुक माणूस तुमच्याकडे उतरला होता का, कोणाबरोबर होता?’ अशा चौकशीला, विचारणारा जवळचा नातेवाईक असला तरी, आम्ही उत्तर देत नाही. जाहिरातीसाठी काहीही वापरले जात नाही.

आपल्या नोंदीची प्रत हवी असेल, चूक दुरुस्त करायची असेल किंवा तक्रार असेल, तर काउंटरवर लेखी अर्ज द्या. 7 दिवसांत उत्तर मिळेल. चित्रीकरणात इतर पाहुणे दिसत असतील तर त्यांचे चेहरे झाकूनच ते दाखवले जाईल. प्रत गहाळ झाली किंवा चित्रीकरण बाहेर गेले, तर ज्यांचे आहे त्यांना आम्ही स्वतः फोन करून कळवू.

— लॉजमालक