पगार खात्यातून कापलेले 885 रुपये परत जमा करा

ब्रँच मॅनेजर साहेब, नमस्कार.

माझं तुमच्याकडे पगाराचं खातं आहे, शेवटचे आकडे 4471, 2019 ला कंपनीनेच उघडून दिलेलं, झिरो बॅलन्सचं. मी जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कारखान्यात कामाला आहे. परवा रविवारी बाजारात भरीताची वांगी घेतली, 80 रुपये झाले, फोनवरून द्यायला गेलो तर पेमेंट फेल, दोनदा करून पाहिलं तरी तेच. खात्यात बघतो तर 41 रुपये, आणि माझ्या हिशोबाने तीनशेच्या वर असायला पाहिजे होते. शेवटी वांगीवाल्या मावशी म्हणाल्या राहू द्या, पुढच्या रविवारी द्या.

सोमवारी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, दर महिन्याच्या शेवटी MIN BAL CHG म्हणून 250 आणि वर जीएसटी 45, म्हणजे 295 गुणिले तीन, 885 रुपये. काउंटरवर विचारलं तर भाऊ म्हणाले की पगार येणं बंद झालं म्हणून सिस्टीमने खातं साध्या सेव्हिंगमध्ये टाकलं, मना हातमा काही नही. त्यांच्यावर राग नाही, पण पगार बंद कुठे झाला? जूनपासून कंपनीने पगार दुसऱ्या बँकेतून एनईएफटीने टाकायला सुरुवात केली एवढाच काय तो फरक, बाकी 7 तारखेला पैसे येतातच आणि त्याच पासबुकात त्या एंट्रीपुढे SALARY असं छापलेलं आहे, तुमच्याच मशीनने छापलेलं.

दुसरं म्हणजे, बॅलन्स कमी पडला तर आधी खातेदाराला कळवायचं, भरायला महिनाभर वेळ द्यायचा आणि मग चार्ज लावायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. मला ना मेसेज ना ईमेल ना पत्र. खातं बदललं हेसुद्धा कोणी सांगितलं नाही, आणि नंबर तोच आहे हो, ओटीपी रोज त्याच्यावरच येतात.

तर माझी विनंती अशी की 885 रुपये जीएसटीसकट परत जमा करावेत आणि खातं पुन्हा पगाराच्या प्रकारात टाकावं, नाहीतर डिसेंबरअखेर परत 295 जातील आणि मी परत येईन. जून ते नोव्हेंबरच्या पगार स्लिपा, पासबुकाच्या पानांचे फोटो आणि पगार चालू असल्याचं कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र या ईमेलला जोडलंय. तक्रार नंबर तेवढा पाठवा. 30 दिवसांत काही झालं नाही तर मला cms.rbi.org.in वर लोकपालांकडे टाकावं लागेल, पण 885 रुपयांसाठी तिथवर जायची वेळ येऊ नये असं वाटतं.

माझी शिफ्ट दुपारी 3 ला सुटते, फोन करायचा तर त्यानंतर करा, आत मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही.

आपला खातेदार,
संदीप