अपकृत्य कायदा: दुकानातील चोरीचा संशय

‘अ’ ही ग्राहक बिल भरून दुकानाबाहेर पडत असताना दारातली घंटा वाजली. मालक ‘ब’ म्हणाला, “बाई, आत चला, नाहीतर सगळ्यांसमोर पिशवी उलटी करीन.” ती निमूट मागच्या खोलीत गेली. दाराला कुलूप नव्हते, पण उंबऱ्यावर नोकर उभा होता. दहा मिनिटांत पिशवी तपासून झाली. अत्तराची बाटली निघाली, तिचे बिलही निघाले. बाटलीवरची, दारातली घंटा वाजवणारी चिकटपट्टी रोखपालाने काढलीच नव्हती. तरीही कबुलीजबाबावर सही करावी म्हणून तिला आणखी दीड तास बसवून ठेवले. तिने सही केली नाही. चिडलेल्या ‘ब’ने बिलाचा उल्लेख गाळून पोलिसांत तक्रार दिली. खटला चालला, ‘अ’ निर्दोष सुटली.

‘अ’ने नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. ‘ब’ म्हणतो: ती स्वखुशीने आली, आणि खटला पोलिसांनी भरला, मी नव्हे.

(क) बेकायदा अटकाव झाला का? झाला असल्यास नेमका कोणत्या क्षणापासून? पहिली दहा मिनिटे आणि पुढचा दीड तास यांचा विचार वेगवेगळा करा. (५ गुण)

(ख) द्वेषमूलक खटल्याचे घटक तपासा. निर्दोष सुटका एवढ्यावर भागत नाही. वाजवी व संभाव्य कारणाचा अभाव आणि दुष्ट हेतू ‘अ’नेच सिद्ध करायचे आहेत. (१० गुण)