बँकेच्या अंतिम उत्तराविरुद्ध लोकपालांकडे तक्रार

दि. २ जून २०२५

प्रति,
मा. लोकपाल,
केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र,
भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला,
सेक्टर १७, चंदीगड – १६००१७

विषय : एटीएममधून न मिळालेले १०,००० रुपये व विलंबाची भरपाई मिळणेबाबत, एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ अन्वये तक्रार.

महोदय,

मी कराड (जि. सातारा) येथील सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझी पेन्शन ज्या खात्यात जमा होते त्याचा क्रमांक, बँकेचे व शाखेचे नाव सोबतच्या नमुन्यात भरले आहे.

सोमवार, ३ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी मी याच बँकेच्या, बसस्थानकाजवळील एटीएममधून १०,००० रुपये काढायला गेले. सून बरोबर होती. पिन टाकल्यावर आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण झडप उघडली नाही. पावतीही आली नाही. थोड्या वेळाने पडदा पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि मोबाईलवर दहा हजार वजा झाल्याचा संदेश आला. आम्ही दोघी पाच-सात मिनिटे तिथेच थांबलो. पहारेकरी कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत जाताना पाहिले, तर ते मशीन बंद होते.

४ मार्चला शाखेत लेखी तक्रार दिली. त्यातच कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवावे, अशी विनंती केली होती. पोच घेतली आहे. २१ मार्चला ‘व्यवहार यशस्वी’ एवढे दोन शब्दांचे उत्तर आले. २८ मार्चला नोडल अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांचे अंतिम उत्तर २४ एप्रिलचे आहे. मशीनच्या नोंदवहीत व्यवहार यशस्वी दिसतो, रोकड ताळ्यात जादा रक्कम आढळली नाही, आणि चित्रीकरण आता उपलब्ध नाही, या तीन कारणांवर त्यांनी मागणी फेटाळली आहे.

माझी हरकत मुख्यतः दुसऱ्या कारणावर आहे. उत्तरासोबत त्यांनी रोकड ताळ्याची जी प्रत दिली, तिच्यावर वेळ आहे ३ मार्च, सकाळी ११.२०. माझा व्यवहार त्यानंतर साडेसात तासांनी झाला. संध्याकाळी मशीनमध्ये अडकलेले पैसे सकाळच्या ताळ्यात जादा दिसणार कसे? चौतीस वर्षे मुलांना गणित शिकवले, त्यामुळे नजर तिथे गेली. ३ तारखेच्या संध्याकाळनंतर मशीन पहिल्यांदा उघडले तेव्हा किती नोटा निघाल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि तो ताळा बँकेने मला दाखवलेलाच नाही.

नोंदवहीबद्दल एवढेच सांगते की, मशीनने नोटा पुढे ढकलल्या आणि त्या माणसाच्या हातात पडल्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रीकरणाने ते स्पष्ट झाले असते. ते दुसऱ्याच दिवशी मागूनही जपले गेले नाही, याचा तोटा मी का सोसावा? मशीन त्यांचे, कॅमेरा त्यांचा, हिशोबही त्यांचाच.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास ती पाच दिवसांच्या आत परत जमा व्हायला हवी. उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये, तेही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता द्यायचे आहेत. ही मुदत ८ मार्चला संपली. ९ मार्चपासून आजपर्यंत ८६ दिवस होतात, म्हणजे ८,६०० रुपये.

माझी विनंती अशी की, ३ मार्चच्या व्यवहारानंतरच्या पहिल्या रोकड ताळ्याची मूळ नोंद बँकेकडून मागवून घ्यावी. मला १०,००० रुपये, वरील ८,६०० रुपये आणि प्रत्यक्ष रक्कम जमा होईपर्यंत दररोज १०० रुपये मिळावेत. शिवाय मनस्तापापोटी ५,००० रुपये मागते. योजनेत यासाठीची मर्यादा एक लाखाची आहे याची मला कल्पना आहे. पण चार चकरा, रिक्षाभाडे, झेरॉक्स आणि खिडकीवर ऐकून घ्यावे लागलेले ‘आजी, पैसे घेऊन विसरला असाल’ हे वाक्य, यांचा मी धरलेला हिशोब एवढाच आहे.

अंतिम उत्तर मिळून एक वर्ष झालेले नाही. हा विषय कोणत्याही न्यायालयात वा ग्राहक आयोगात नाही, आणि तक्रार मी स्वतः करत आहे, वकिलामार्फत नाही.

सोबत : पासबुकाचे पान, मोबाईल संदेशाची छापील प्रत, ४ व २८ मार्चच्या तक्रारी पोचेसह, बँकेची दोन्ही उत्तरे, आणि ११.२० ची वेळ असलेली रोकड ताळ्याची प्रत (वेळेभोवती लाल शाईने गोल केला आहे).

आपली विश्वासू,
श्रीमती मंगल दत्तात्रय शिंदे
कराड, जि. सातारा