जोड्या जुळवा : सोलापूरच्या घरातलं विज्ञान (इयत्ता दहावी, सराव)

'अ' गट
१) माठातलं गार पाणी
२) कडक भाकरी
३) जुन्या शेंगाचटणीचा खवट वास
४) घाम टिपणारा सुती टॉवेल

'ब' गट
क) ऑक्सिडीकरण
ख) केशाकर्षण
ग) बाष्पीभवन
घ) पाण्याचा अंश कमी

आधी वहीत सोडवा, मगच खाली बघा.

१–ग : माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर वाफ होऊन उडतं. त्यासाठी लागणारी उष्णता, दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी, ते मुख्यतः माठातूनच घेतं. (पुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा, इथे गोंधळ होतो.) आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, म्हणून माठ छान गार होतो. मुंबईच्या मामांकडे तोच माठ नेला तर दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं आणि पाणी तितकं गार होत नाही. परीक्षेत हे कारण लिहा, नुसतं 'मातीमुळे' लिहिलंत तर गुण कापणार!

२–घ : बुरशीला वाढायला ओलावा लागतो. कडक भाकरीत तो जवळपास नसतो, म्हणून ती बरेच दिवस टिकते. पावसाळ्यात डबा उघडा ठेवलात तर मात्र हवेतला ओलावा शोषून ती मऊ पडते.

३–क : शेंगदाण्याच्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. बरेच जण इथे 'घ' लिहितात. चटणीही कोरडीच असते, पण वास तेलाचा येतो.

४–ख : धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं.