सोहम, तुझ्या फोटोतली आठही गणितं

सोहम, फोटो मिळाला, पण अरे काय फोटो काढलायस, पान तिरकं, अर्ध्यावर मोबाईलची सावली, आणि पाचव्या गणितावर तर तुझा अंगठाच आलाय, नेमका छेदातल्या चिन्हावर. असो, झूम करकरून वाचलं सगळं. बरं झालं एक, तू पेन्सिलनं केलेलं पण त्याच पानावर आहे त्यामुळे कुठे अडकतोयस ते दिसलं मला. तुला वाटतंय तसं तुला कॉम्प्लेक्स नंबर येत नाहीत असं काही नाहीये, तुझ्या सगळ्या चुका दोनच जागी आहेत: कंसाबाहेरचा वजा आणि i². बाकी सगळं तू नववीतच शिकलायस, कसं ते सांगते पुढे.

पहिलं, (3 + 4i) + (−5 + 2i). बरोबर आहे तुझं, −2 + 6i. साधे साध्यात, i वाले i वाल्यात, बीजगणितात x चे पद वेगळे ठेवायचो तसंच, याच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

दुसऱ्यात (2 − 3i) − (−4 + i) आहे आणि तू 6 − 2i लिहिलंयस. 6 बरोबर आला कारण −4 चं चिन्ह तू बदललंस, पण त्याच कंसातल्या i चं बदलायचं विसरलास. वजा कंसातल्या दोघांनाही लागतो रे.

2 − 3i + 4 − i = 6 − 4i

कंस सोडवल्यावरची ही ओळ लिहायचीच, मनात करायची नाही, निदान मंगळवारच्या टेस्टपर्यंत तरी.

तिसरं, (2 + 3i)(4 − 5i). इथे खरी गंमत आहे. तू चारही गुणाकार व्यवस्थित केलेत, 8 − 10i + 12i − 15i², इथपर्यंत एकदम फर्स्ट क्लास, आणि मग पुढच्या ओळीत 8 + 2i − 15 करून −7 + 2i. अरे i² कुठे गेला? तू तो नुसता पुसून टाकलास, जणू काही त्याची किंमत 1 आहे. i² म्हणजे −1, म्हणजे −15i² हे −15 × −1 = +15 होणार.

8 − 10i + 12i + 15 = 23 + 2i

मी अकरावीत असताना i² दिसला की त्याच्याभोवती लाल पेननं गोल करायचे, आणि गोल केला की खाली चिन्ह उलटं करून लिहायचं हा नियमच केला होता स्वतःला. बालिश वाटेल, पण तू पण करून बघ, तुझी अर्ध्याहून जास्त गणितं तिथेच सुधारतील.

चौथ्यात तीन कंस आहेत, (2 + i)(3 − i)(1 + 2i), म्हणून तू ते सोडूनच दिलंस बहुतेक. तीन एकदम नाही करायचे, आधी दोन, जे उत्तर येईल त्याला तिसऱ्यानं गुणायचं.

(2 + i)(3 − i) = 6 − 2i + 3i − i² = 7 + i
(7 + i)(1 + 2i) = 7 + 14i + i + 2i² = 5 + 15i

दोन्ही ओळीत i² आहे बघ, पहिल्यात −i² चा +1 झाला आणि दुसऱ्यात 2i² चा −2.

आता भागाकार, जिथे तू "ताई हे काही कळतच नाहीये" असं लिहून तीन रडके इमोजी टाकलेत. नववीचं आठव, वास्तव संख्या, छेदाचे परिमेयीकरण. 1/(√5 − √3) दिलं की काय करायचो? अनुबद्ध जोडी घ्यायची, √5 + √3, तिनं वर खाली गुणायचं, खाली a² − b² चं सूत्र लागतं आणि छेदातल्या करणी गायब. मराठी मीडियममधून आलास म्हणून इंग्लिश पुस्तकातला कॉन्जुगेट शब्द तुला परका वाटतोय, पण ही तीच अनुबद्ध जोडी आहे, फक्त √3 च्या जागी i आलाय. आणि i म्हणजे तरी काय, √−1, ती पण एक करणीच दिसायला. फरक एकच, खाली शेवटी वजाबाकी न होता बेरीज होते, आणि तो फरक का पडतो ते पाचव्यातच बघू.

पाचवं, अंगठ्याखालचं. वर 5 + 2i आहे, खाली 3 आणि 4i, मधलं चिन्ह गायब. तू (3 + 4i) नं गुणलंयस म्हणून मी आधी धरलं की छेद 3 − 4i असणार, पण मग डोक्यात आलं की तू कॉन्जुगेटच चुकीचा घेतला असलास तर? म्हणून दोन्ही करते, पुस्तकात बघ आणि आपलं ते घे.

छेद 3 − 4i असेल तर कॉन्जुगेट 3 + 4i. फक्त i च्या पुढचं चिन्ह उलटतं, 3 ला हात लावायचा नाही. −3 + 4i नाही आणि −3 − 4i तर नाहीच नाही.

(5 + 2i)(3 + 4i) = 15 + 20i + 6i + 8i² = 7 + 26i
(3 − 4i)(3 + 4i) = 9 − 16i² = 9 + 16 = 25
उत्तर: 7/25 + (26/25)i

तुझ्या छेदात −7 आलंय, कारण तू 9 − 16 केलंस. परत तोच i²! सूत्र a² − b² चंच आहे, पण इथला b म्हणजे 4i, नुसता 4 नाही, त्यामुळे b² = 16i² = −16 आणि वजा −16 म्हणजे अधिक 16. म्हणूनच खाली नेहमी बेरीज येते, पहिल्याचा वर्ग अधिक दुसऱ्याचा वर्ग. छेद वजा आला किंवा छेदात अजून i शिल्लक राहिला तर पुढे जाऊच नकोस, तिथेच थांबून मागची ओळ तपासायची.

आणि छेद 3 + 4i असेल तर 3 − 4i नं गुणायचं, वर 15 − 20i + 6i − 8i² = 23 − 14i, खाली तेच 25, उत्तर 23/25 − (14/25)i. छेद दोन्हीकडे 25 च, कारण चिन्ह कुठलंही असो वर्ग केल्यावर सारखंच. 3, 4, 5 हे पायथागोरसचं त्रिकूट आहे ना, म्हणून पुस्तकवाल्यांना 3 आणि 4 फार आवडतात, 25 सारखा गुणी छेद मिळतो.

उत्तर बरोबर आलं का हे बघायला मागचं पान उघडायचं नाही, छेदानं परत गुणायचं. (7 + 26i)(3 − 4i) कर, 21 − 28i + 78i + 104, म्हणजे 125 + 50i, भागिले 25, आला बघ 5 + 2i. अर्ध्या मिनिटाचं काम.

सहावं, (4 + 3i)/i. इथे तू लिहिलंयस "कॉन्जुगेट नाही??" आहे रे. i म्हणजे 0 + i, त्याचा कॉन्जुगेट −i.

(4 + 3i)(−i) = −4i − 3i² = 3 − 4i
i × (−i) = −i² = 1

छेद 1, म्हणजे उत्तर 3 − 4i. नुसत्या i नं वर खाली गुणलंस तरी चालेल, खाली −1 येईल आणि शेवटी सगळी चिन्हं उलटावी लागतील, मग तू त्यातलं एक विसरशील, म्हणून −i च घे.

सातवं माझं आवडतं, 1/(2 + i) + 3/(1 − 2i). तू लसावि घ्यायला गेलास आणि छेदात (2 + i)(1 − 2i) चा गुणाकार करून तिथेच पेन्सिल ठेवलीस. तो रस्ता चुकीचा नाही, वर 7 + i आणि खाली 4 − 3i येतं, मग परत कॉन्जुगेट, शेवटी (25 + 25i)/25. पण त्यापेक्षा आधी दोघांचे छेद वेगवेगळे साफ करून घे:

1/(2 + i) = (2 − i)/5
3/(1 − 2i) = 3(1 + 2i)/5 = (3 + 6i)/5
बेरीज: (5 + 5i)/5 = 1 + i

दोघांचा छेद आपोआप 5 आला, लसाविची भानगडच नाही. दर वेळी इतकं गोड नाही जमणार, पण छेद साधी संख्या झाली की पुढची बेरीज पाचवीतल्या अपूर्णांकांसारखी होते, हे नक्की.

आठवं, ((1 + i)/(1 − i))⁵⁰. हे बघून घाबरलास ना, 50 वा घात! आधी आतलं सोडव. (1 + i) नं वर खाली गुण, वर (1 + i)² = 1 + 2i − 1 = 2i, खाली 1 + 1 = 2, राहिला फक्त i. आता i⁵⁰. i चे घात दर चारला फिरून तिथेच येतात, i, −1, −i, 1, परत i. 50 ला 4 नं भाग, बाकी 2, म्हणजे i² = −1. झालं, एका ओळीचं गणित.

तू फोटोखाली विचारलंयस की याचा उपयोग काय, ते पण सांगून टाकते कारण हे माझं रोजचंच आहे. इलेक्ट्रिकलला आम्ही i ऐवजी j लिहितो, i करंटसाठी आधीच अडकलेला असतो म्हणून. समज 3 ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्या सिरीजमध्ये कॉइल, जिचा एसीला अडथळा 4 ओहम, तर दोघांचा मिळून इम्पिडन्स 3 + 4j. त्याला घरचे 230 व्होल्ट दिले तर करंट किती? 230/(3 + 4j), तुझं पाचवं गणितच की! 3 − 4j नं वर खाली गुणायचं, 230(3 − 4j)/25 म्हणजे 27.6 − 36.8j, दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की एकूण 46 अँपिअर. तो वजा 36.8 नुसता शोभेला नाही, करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतोय हे तो सांगतो. (आणि 46 अँपिअरला घरातली 16 ची एमसीबी राहणार नाही, प्रयोग करू नकोस, मावशी मला बोलेल.)

आता दुसरं, तिसरं आणि पाचवं वहीत परत कर, माझं न बघता, आणि पाचव्याचं खरं चिन्ह कळव. फोटो सकाळी पाठव, आता साडेअकरा वाजलेत आणि मला सातची लोकल आहे. अंगठा बाजूला ठेवून काढ फक्त.